अवशेषांच्या आलेखात लाट दिसते, पण डर्बिन–वॉटसन १.८३ येतो. विश्वास कशावर ठेवावा?

मोजपट्टी

एका यंत्राच्या सलग २० आठवड्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. प्रत्येक आठवड्यात तयार झालेले नग आणि त्या आठवड्यात यंत्राने वापरलेली वीज, युनिटमध्ये, असे दोनच रकाने आहेत. नगांवरून विजेचा अंदाज बांधण्यासाठी मी साधे रिग्रेशन केले. उतार ०.१२ आला, म्हणजे दर वाढीव नगामागे ०.१२ युनिट, आणि त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.००६ आहे. अंदाज आणि अवशेष यांचा आलेख काढला तेव्हा ठिपके कोणताही आकार न दाखवता विखुरलेले दिसले, आणि पायथनच्या सारांशात डर्बिन–वॉटसन १.८३ छापून आला, त्यामुळे काम संपले असे वाटत होते.

पण आमच्या पर्यवेक्षकांनी हेच अवशेष आठवड्यांच्या क्रमाने मांडायला सांगितले, आणि तो आलेख वेगळेच काही सांगतो. पहिल्या आठवड्यापासून अवशेष पुढीलप्रमाणे आहेत:

३, ६, २, ७, ४, −१, ५, १, −३, ०, −५, −२, −६, −४, −७, −१, −४, १, ३, १

सुरुवातीला रेषा शून्याच्या वर राहते, मध्यावर खाली उतरते आणि शेवटी पुन्हा वर येते. दोन आलेख आणि एक आकडा यांपैकी दोघे म्हणतात सर्व ठीक आहे, एक म्हणतो नाही. यात खरे कोणाचे मानायचे?

सरळरेषा

डर्बिन–वॉटसन २ च्या जवळ असला की स्वयंसहसंबंध नाही, हा सर्वमान्य नियम आहे आणि १.८३ हे २ च्या पुरेसे जवळ आहे. वीसच ठिपके असतील तर डोळ्यांना त्यांत लाटा दिसतातच. माणसाचा डोळा आकार शोधण्यात फार तत्पर असतो. अंदाज आणि अवशेष यांचा आलेख स्वच्छ आहे, आकडा स्वच्छ आहे, तेव्हा मी तरी पुढे गेलो असतो.

रानवाट

अशा वेळी व्हीआयएफ पाहावा असे सुचवते. चलांचा आपापसांत संबंध असेल तर गुणक डळमळीत होतात, आणि दहाच्या वर व्हीआयएफ गेला की एखादा चल काढून टाकणे योग्य ठरते.

मोजपट्टी

रानवाट, माझ्याकडे स्वतंत्र चल एकच आहे, त्यामुळे व्हीआयएफचा प्रश्न येत नाही. माझा प्रश्न एका आठवड्याच्या अवशेषाचा पुढच्या आठवड्याच्या अवशेषाशी काही संबंध आहे का, एवढाच आहे.

शून्याभोवती

सरळरेषा यांचा नियम चुकीचा नाही, पण तो लावण्याआधी १.८३ हा आकडा कोणत्या क्रमातून आला ते पाहायला हवे. या संख्येत वेळ कुठेच लिहिलेली नसते. सूत्र फक्त एवढेच करते की फाइलमध्ये जो अवशेष ज्याच्या खाली आहे त्यांची वजाबाकी करते, त्या वजाबाक्यांचे वर्ग मिळवते आणि त्या बेरजेला सर्व अवशेषांच्या वर्गांच्या बेरजेने भागते:

```
d = Σ (e[t] − e[t−1])²  /  Σ e[t]²
```

वरच्या बेरजेत एक पद कमी असते, कारण पहिल्या अवशेषाला मागचा शेजारी नसतो. तुम्ही दिलेले अवशेष आठवड्यांच्या क्रमाने घेऊन मी हातानेच हिशेब केला. शेजाऱ्यांमधले फरक ३, −४, ५, −३, −५, ६, −४, −४, ३, −५, ३, −४, २, −३, ६, −३, ५, २, −२ असे १९ येतात आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ३०२ होते. अवशेषांच्या वर्गांची बेरीज ३०८ आहे. म्हणजे d = ३०२ ÷ ३०८ = ०.९८. हा १.८३ च्या आसपासही नाही.

अवशेष तेच आणि छेदही तोच, कारण वर्गांची बेरीज क्रमाने बदलत नाही. बदलला तो फक्त अंश. तेव्हा तुमची फाइल आठवड्यांच्या क्रमाने लावलेली नसावी, असा माझा कयास आहे. रिग्रेशनचा उतार, प्रमाण त्रुटी, आर-वर्ग यांपैकी कशालाही ओळींच्या क्रमाने फरक पडत नसल्याने ही गोष्ट एरवी कधीच लक्षात येत नाही. सारांशात छापलेल्या आकड्यांपैकी क्रम बदलला की बदलणारा हा बहुधा एकच.

मोजपट्टी

आपला कयास बरोबर आहे. आमच्या प्रणालीतून निघणारी फाइल नगांच्या चढत्या क्रमाने लावूनच मिळते. त्या क्रमात अवशेष असे आहेत:

२, −४, −१, ६, १, ३, −५, ०, −३, −७, −१, ५, ७, १, ४, −२, −६, ३, −४, १

आपल्या पद्धतीने या क्रमातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ५६५ आली, आणि ५६५ ÷ ३०८ म्हणजे १.८३. आठवड्यानुसार लावून पुन्हा चालवल्यावर पायथनही ०.९८ देतो.

```python
import statsmodels.formula.api as smf
from statsmodels.stats.stattools import durbin_watson

d = d.sort_values("week")
m = smf.ols("kwh ~ units", data=d).fit()
durbin_watson(m.resid)
```

मग १.८३ हा आकडा पूर्णपणे निरर्थक मानायचा का?

शून्याभोवती

निरर्थक नाही, त्याने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. नगांच्या क्रमाने लावलेल्या अवशेषांत शेजारी-शेजारी सारखी चिन्हे आली असती, तर नग आणि वीज यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र आहे असा संशय घ्यावा लागला असता. वक्र नात्यावर सरळ रेषा बसवली की दोन्ही टोकांना अवशेष एका चिन्हाचे आणि मध्ये दुसऱ्या चिन्हाचे होतात, आणि त्या क्रमात d खाली येतो. तुमचा १.८३ असे सांगतो की नगांच्या दिशेने रेषा ठीक बसली आहे. अंदाज आणि अवशेष यांच्या आलेखानेही तुम्हाला हेच सांगितले होते, कारण एकच चल असताना अंदाजाचा अक्ष म्हणजे मोजमाप बदललेला नगांचाच अक्ष असतो. म्हणजे तुमच्याकडचे दोन साक्षीदार प्रत्यक्षात एकच होते, आणि दोघांनीही काळाबद्दल काही पाहिलेले नव्हते.

आता काळाच्या आलेखाकडे वळू. आडव्या अक्षावर आठवडा, उभ्यावर अवशेष, शून्यावर एक ठळक आडवी रेघ, आणि ठिपके क्रमाने रेषेने जोडलेले, असा तो असावा. ठिपके जोडले नाहीत तर वीस आठवड्यांतही डोळ्याला क्रम सापडत नाही, आणि सॉफ्टवेअरने आपणहून गुळगुळीत वक्र काढून दिला तर उलट नसलेली लाट दिसू लागते, म्हणून तो बंद ठेवावा. तुमच्या आलेखात चिन्हे वाचत जा: पाच धन, एक ऋण, दोन धन, मग शून्य वगळता सलग आठ ऋण, शेवटी तीन धन. एकोणीस चिन्हांत फक्त पाच गट झाले. ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र असते तर साधारण दहा गट अपेक्षित होते.

सरळरेषा यांचा डोळ्याबद्दलचा इशारा मला मान्य आहे, म्हणूनच दुसरा एक आलेख काढावा, ज्यात लाट शोधण्याचा मोह होत नाही. आडव्या अक्षावर मागच्या आठवड्याचा अवशेष आणि उभ्यावर या आठवड्याचा. तुमच्या १९ जोड्यांपैकी १३ जोड्यांत दोघांचे चिन्ह सारखे आहे, चार जोड्यांत विरुद्ध आहे आणि दोन जोड्या शून्यामुळे अक्षावर पडतात. ढग डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे तिरका जातो. या ढगाचा सहसंबंध म्हणजे शेजाऱ्यांच्या गुणाकारांची बेरीज १५२ भागिले ३०८, सुमारे ०.४९. d साधारणपणे २ × (१ − ०.४९३५) म्हणजे १.०१ यायला हवा, प्रत्यक्षात ०.९८ आला, तो फरक पहिल्या आणि शेवटच्या अवशेषामुळे पडतो, कारण ते दोघे अंशात एकेकदाच येतात. आकडा आणि आलेख इथे एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, त्यामुळे क्रम बरोबर असेल तर त्यांच्यात भांडण होण्याचे कारण उरत नाही.

सरळरेषा

क्रमाचा मुद्दा मान्य. पण ०.९८ हा आकडा किती वाईट आहे हे कसे ठरवायचे? मी अनेक ठिकाणी १.५ ते २.५ चालते असे वाचले आहे. आणि d इतका खाली असेल तर मग उतारही चुकीचा ठरतो, तेव्हा ०.१२ हा आकडा आता टाकूनच द्यायला हवा.

शून्याभोवती

दोन्ही गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत, आणि दुसरी अधिक महत्त्वाची आहे, म्हणून पहिली आटोपशीर घेतो. १.५ ते २.५ हा ढोबळ पट्टा नोंदींची संख्या आणि चलांची संख्या विचारातच घेत नाही. डर्बिन आणि वॉटसन यांनी १९५१ साली जी कोष्टके दिली त्यांत प्रत्येक ठिकाणी दोन सीमा असतात. २० नोंदी, स्थिरपद सोडून एक चल आणि पाच टक्के पातळी यांसाठी खालची सीमा १.२० आणि वरची १.४१ आहे. d खालच्या सीमेच्या खाली असेल तर धन स्वयंसहसंबंधाचा पुरावा मिळाला असे धरतात, वरच्या सीमेच्या वर असेल तर पुरावा नाही, आणि मधल्या पट्ट्यात कोष्टक गप्प बसते. ०.९८ हे १.२० च्या खाली आहे, त्यामुळे इथे शंकेला जागा नाही. d जर २ च्या वर गेला असता तर ४ मधून वजा करून तेच कोष्टक वापरता आले असते. कोष्टक वाचताना एवढेच पाहावे की त्यात चलांच्या संख्येत स्थिरपद धरले आहे की नाही. काही छापील कोष्टकांत धरलेले असते आणि मग माणूस शेजारचाच रकाना वाचतो.

आता उताराबद्दल. अवशेषांत स्वयंसहसंबंध असला म्हणजे उतार एका बाजूला झुकतो असे नाही. नगांचा त्या दडलेल्या कारणाशी संबंध नसेल तर ०.१२ हा अंदाज सरासरीने बरोबरच राहतो. बिघडते ती त्याच्याशेजारी छापलेली प्रमाण त्रुटी. तीही किती बिघडेल हे फक्त अवशेषांवर अवलंबून नसते, तर नगांच्या मालिकेचा स्वभावही त्यात येतो. अवशेषांचा शेजारी सहसंबंध ०.५ आणि चलाचा शेजारी सहसंबंध ०.९ असेल, म्हणजे चल हळूहळू चढणारा किंवा उतरणारा असेल, तर उताराचे खरे प्रसरण छापलेल्यापेक्षा सुमारे (१ + ०.४५) ÷ (१ − ०.४५) म्हणजे २.६ पट असते आणि प्रमाण त्रुटी सुमारे १.६ पट. पण नग जर आठवड्यागणिक मागणीप्रमाणे वर-खाली उड्या मारत असतील आणि त्यांचा शेजारी सहसंबंध शून्याजवळ असेल, तर हेच गुणोत्तर जवळजवळ एक होते, आणि उताराची छापील प्रमाण त्रुटी फारशी खोटी नसते.

मोजपट्टी, तुमचे नग आठवड्यांच्या क्रमाने कसे आहेत ते सांगाल का?

मोजपट्टी

नग ४०० ते ९०० च्या दरम्यान असतात आणि ते मागणीवर अवलंबून असल्याने एका आठवड्यावरून पुढच्याचा काही अंदाज बांधता येत नाही. शेजारी सहसंबंध काढला, तो ०.०८ आला.

शून्याभोवती

मग ०.१२ च्या शेजारचे ०.००६ तुम्ही बऱ्याच अंशी तसेच ठेवू शकता. मात्र स्थिरपदाची प्रमाण त्रुटी आणि पुढच्या आठवड्याच्या अंदाजाची मर्यादा या दोन्ही गोष्टी तशा ठेवता येणार नाहीत. स्थिरपद म्हणजे एका अर्थी सदैव तसाच राहणारा चल, आणि हळू बदलणाऱ्या चुकांचा सर्वाधिक मार त्यालाच बसतो. शिवाय या आठवड्याचा अवशेष ६ असेल तर पुढच्या आठवड्याचा अंदाज शून्याभोवती धरण्याऐवजी साधारण ३ ने वर धरणे शहाणपणाचे ठरते, आणि साधे रिग्रेशन ही माहिती वाया घालवते.

तिमाही

याच विषयावर माझा अनुभव मांडते. मी तिमाही आकडेवारीवर काम करते. माझ्या मॉडेलमध्ये मागच्या तिमाहीचे मूल्य हा एक स्वतंत्र चल आहे, सोबत आणखी दोन चल आहेत, ४० नोंदी आहेत, आणि डर्बिन–वॉटसन १.९६ येतो. या धाग्यातले वाचून मी फाइल काळाच्या क्रमाने आहे याची पुन्हा खात्री केली, ती आहे. म्हणजे माझ्याकडे काळजीचे कारण नाही, असे समजावे ना?

शून्याभोवती

दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही, आणि तुमची अडचण मोजपट्टी यांच्यापेक्षा वेगळी आहे. अवलंबित चलाचेच मागचे मूल्य उजव्या बाजूला घेतले की ते चल चुकांमधला स्वयंसहसंबंध स्वतःकडे शोषून घेते आणि अवशेष स्वच्छ दिसू लागतात. अशा मॉडेलमध्ये d खऱ्या चुकांत संबंध असूनही २ कडे ओढला जातो, आणि कोष्टकातल्या सीमा तर मुळातच अशा मॉडेलसाठी काढलेल्या नाहीत. त्यासाठी डर्बिन यांनीच १९७० साली वेगळी चाचणी मांडली होती, पण आता बहुतेक जण ब्रॉइश–गॉडफ्री वापरतात. तिच्यात अवशेषांवर पुन्हा एक रिग्रेशन होते, ज्यात मूळ सर्व चल आणि मागचे अवशेष दोन्ही असतात, त्यामुळे मागच्या मूल्याने शोषून घेतलेला भाग हिशेबात येतो.

```r
library(lmtest)
bgtest(m, order = 4)
```

मी इथे मुद्दाम चार लिहिले आहेत. डर्बिन–वॉटसन फक्त लगतच्या शेजाऱ्याला पाहतो. तिमाही आकड्यांत या तिमाहीचा अवशेष बरेचदा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी जुळलेला असतो, आणि लगतच्या तिमाहीशी त्याचे काही नाते नसते. असे अवशेष काळाच्या आलेखावर दर चौथ्या ठिपक्याला उसळी मारताना दिसतात, d मात्र २ जवळ बसून राहतो. आलेखात ठिपक्यांना तिमाहीनुसार चार रंग दिलेत तर ते लगेच कळेल.

तिमाही

चार रंग देऊन पाहिले. चौथ्या तिमाहीचे दहापैकी नऊ ठिपके शून्याच्या वर आहेत. १.९६ ने मला याची कल्पनाही दिली नव्हती. ब्रॉइश–गॉडफ्री चालवून स्वतंत्र धागा काढते, येथे विषयांतर नको.

जुना रजिस्टर

मूळ प्रश्नाच्या उपायाबद्दल कोणीच बोललेले नाही. आमच्या काळी d खाली आला की सरळ पहिले फरक घेत असू. या आठवड्याची वीज वजा मागच्या आठवड्याची वीज, तसेच नगांचे, आणि पुन्हा रिग्रेशन. मोजपट्टी यांनी तेच करावे, दोन ओळींचे काम आहे.

शून्याभोवती

फरक घेणे म्हणजे अवशेषांचा शेजारी सहसंबंध जणू पूर्ण १ आहे असे धरणे. इथे तो ०.५ च्या आसपास आहे. ०.५ असताना फरक घेतले की नव्या चुकांत उलट दिशेचा, सुमारे −०.२५ इतका सहसंबंध तयार होतो आणि d २.५ च्या आसपास जातो. म्हणजे एक दोष काढताना दुसरा घातला. फरकच घ्यायचे असतील तर मागच्या मूल्याचा पूर्ण भाग वजा न करता ०.४९ पट वजा करावा. कॉक्रेन आणि ऑर्कट यांनी १९४९ साली सुचवलेली रीत हीच. ज्या मालिका खरोखरच भरकटत जातात, जिथे d ०.२ किंवा ०.३ येतो, तिथे मात्र जुना रजिस्टर यांचा सल्ला योग्य आहे.

पण मला स्वतःला या टप्प्यावर दोन्हींपैकी काहीच करावेसे वाटत नाही. नऊ आठवडे शून्याच्या वर न येणारा अवशेष म्हणजे मॉडेलमधून काहीतरी सुटले आहे. यंत्राची वीज नगांशिवाय आणखी कशावर अवलंबून आहे, हे आधी शोधावे. गणिताने लाट सपाट करून टाकली तर ते कारण कधीच हाती लागणार नाही.

जुना रजिस्टर

कारण शोधावे हे म्हणणे छान आहे, पण प्रत्येक वेळी त्या कारणाची नोंद ठेवलेली असतेच असे नाही. आकडे हाताशी नसतील तर ०.४९ ची रीत वापरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि वीस नोंदींवरून काढलेला ०.४९ हा आकडा तरी किती पक्का आहे? तो ०.२ असू शकतो, ०.७ही असू शकतो. फरक घेण्यात निदान एक आकडा कमी अंदाजावा लागतो.

शून्याभोवती

हा आक्षेप रास्त आहे. वीस नोंदींवरून तो आकडा ढिलाच मिळतो, शिवाय अवशेषांवरून काढलेला सहसंबंध खऱ्यापेक्षा सहसा कमीच भरतो.

मोजपट्टी

यंत्राच्या शीतकाला येणाऱ्या पाण्याचे तापमान दररोज वहीत लिहिले जाते. त्याची आठवड्यांची सरासरी काढली, तर ते पहिले सात-आठ आठवडे जास्त होते, मध्ये उतरले आणि शेवटी पुन्हा चढले. ते दुसरा चल म्हणून घेतल्यावर आलेखातली मोठी लाट गेली आणि d १.४७ झाला. दोन चलांसाठी कोष्टकात १.१० आणि १.५४ सापडले. म्हणजे मी नेमका मधल्या पट्ट्यात अडकलो आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दहाव्या आणि अकराव्या नोंदीच्या मध्ये यंत्र देखभालीसाठी दोन आठवडे बंद होते, म्हणजे नोंदी वीस असल्या तरी दिनदर्शिकेतले आठवडे बावीस आहेत. याने काही बिघडते का?

शून्याभोवती

मधला पट्टा मुळात का येतो ते पाहिले तर बाहेर पडण्याची वाटही दिसते. d चे नेमके वितरण तुमच्या चलांच्या आकड्यांवर अवलंबून असते, आणि १९५० च्या दशकात प्रत्येक संशोधकाला ते स्वतःसाठी काढणे शक्य नव्हते. म्हणून कोणतेही चल असले तरी नेमकी सीमा ज्यांच्या मध्ये पडेल अशा दोन सीमा दिल्या गेल्या. आज तुमच्याच चलांसाठी नेमके वितरण क्षणात काढता येते. पायथनचे ते फंक्शन नुसता d देते, पण आरमधले `dwtest` नोंदी शंभरपेक्षा कमी असतील तर आपणहून नेमके पी-मूल्य काढते, आणि न सांगता फक्त धन बाजूची चाचणी करते.

```r
library(lmtest)
m2 <- lm(kwh ~ units + water_temp, data = d[order(d$week), ])
dwtest(m2)
```

खंडाबद्दल: सूत्राला तो दिसत नाही, ते दहावी आणि अकरावी नोंद लगतची समजते. पहिल्या मॉडेलमध्ये त्या जागी ० वरून −५ असा फरक होता, म्हणजे अंशातले २५. तेवढे पद वगळले तर २७७ ÷ ३०८ = ०.९०, म्हणजे निष्कर्ष तोच राहतो. मात्र पद वगळल्यावर कोष्टक किंवा पी-मूल्य काटेकोरपणे लागू होत नाही, म्हणून मी दोन्ही हिशेब करून दोघांचा कौल एकच आहे का, एवढेच पाहतो. देखभालीनंतर यंत्राची वीज एकदम खालच्या पातळीवर गेली असण्याचीही शक्यता आहे. तसे असेल तर तुमची लाट अंशतः पायरी असेल. आलेखात त्या जागी उभी रेघ ओढून दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या पाहा.

मोजपट्टी

`dwtest` चे पी-मूल्य ०.०७ आले. उभी रेघ ओढली. तापमान घेतल्यानंतर डाव्या बाजूच्या दहा अवशेषांची सरासरी शून्यापेक्षा थोडी वर आणि उजव्या बाजूची तेवढीच खाली आहे, पण दोन्हीकडचे ठिपके एकमेकांत मिसळलेले आहेत.

सरळरेषा

०.०७ हे ०.०५ पेक्षा जास्त आहे, तेव्हा आता तरी स्वयंसहसंबंध नाही असे म्हणून थांबता येईल.

शून्याभोवती

वीस नोंदींवर ही चाचणी मध्यम सहसंबंध बरेचदा पकडू शकत नाही, त्यामुळे ०.०७ म्हणजे "नाही" असे मी लिहिणार नाही. १.४७ वरून शिल्लक सहसंबंध पाव भागाच्या आसपास असावा. देखभालीआधी शून्य आणि देखभालीनंतर एक असा तिसरा चल घालून पाहता येईल, पण वीस नोंदींत तीन चल म्हणजे कोष्टकातला पट्टा आणखी रुंद आणि प्रत्येक गुणक आणखी ढिला. मी असतो तर तापमानाचे मॉडेल ठेवले असते, अंदाजाची मर्यादा थोडी सैल दिली असती, आणि पुढच्या दहा-बारा आठवड्यांचे अवशेष त्याच आलेखात जोडत गेलो असतो.

जुना रजिस्टर

मी असतो तर तिसरा चल आधी घातला असता. देखभाल ही माहीत असलेली घटना आहे, तिच्यासाठी आकड्यांची परवानगी कशाला हवी? एकाच आठवड्यात फिल्टर बदलला गेला असेल तर पायरी असणारच.

मोजपट्टी

देखभालीच्या नोंदवहीत काय काय बदलले ते उद्या पाहतो. फिल्टर किंवा पंपाच्या बेअरिंगची नोंद सापडली तर तिसरा चल घालून d, पी-मूल्य आणि आठवड्यांच्या क्रमाने लावलेले अवशेष इथेच देईन.